मत्तय, मार्क, लूक इतके सारखे का? सिनॉप्टिक प्रॉब्लेमचं उत्तर लिहिताना या चुका टाळा

मत्तय, मार्क आणि लूक ही बायबलमधली येशूच्या आयुष्याची तीन शुभवर्तमानं एकमेकांशी इतकी का जुळतात, हाच सिनॉप्टिक प्रॉब्लेम. सगळ्यात कॉमन उत्तर म्हणजे "तिघांनी एकाच येशूबद्दल लिहिलं, मग सारखं असणारच ना!" ऐकायला बरोबर वाटतं पण प्रश्न घटना सारख्या असण्याचा नाहीच, प्रश्न शब्दांचा आहे. येशू बोलायचा अरामी, शुभवर्तमानं लिहिली ग्रीकमध्ये, म्हणजे एकच वाक्य तिघांनी वेगवेगळं ऐकून ग्रीकमध्ये आणलं असतं तर शब्द थोडे तरी इकडेतिकडे झाले असते. आणि येशूचं बोलणं सोडा, लेखकाचं स्वतःचं मध्येच घुसलेलं वाक्यसुद्धा जुळतं. पक्षघाती माणसाची गोष्ट काढून बघा, मार्क २:१०, मत्तय ९:६, लूक ५:२४. येशू म्हणतोय की मनुष्याच्या पुत्राला पापांची क्षमा करायचा अधिकार आहे हे तुम्हाला कळावं म्हणून... आणि वाक्य अर्धवट तोडून लेखक सांगतो, 'तो पक्षघाती माणसाला म्हणाला', मग येशूचं बोलणं पुढे चालू. तिन्हीकडे वाक्य तिथेच तुटतं! दोन पेपरांत एकाच ठिकाणी एकच खाडाखोड दिसली की सर काय समजायचं ते समजतात, तसंच हे. तोंडी परंपरा होतीच, कोणी नाही म्हणत नाही, पण इथे लिखित मजकुराशी संबंध मानावा लागतो.

बरं, मग कोणी कोणाचं घेतलं? इथे दुसरी चूक, "मार्क सगळ्यात छोटा म्हणून तो पहिला". छोटं पुस्तक हे मोठ्याचा संक्षेपही असू शकतं की, जर्मन अभ्यासक ग्रीसबाखने १८व्या शतकात मार्कला शेवटी ठेवलंच होतं. शिवाय एकेक गोष्ट घेतली तर मार्क बऱ्याचदा लांबलचक असतो, याईराच्या मुलीची गोष्ट मार्कमध्ये २३ वचनं (५:२१-४३) आणि मत्तयात फक्त ९ (९:१८-२६). म्हणजे लांबी मोजून काही सिद्ध होत नाही.

त्यापेक्षा लेखक कुठे थकलाय ते शोधा. याला एडिटोरियल फटीग म्हणतात, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर समोर ठेवून लिहिणारा सुरुवातीला बदल करतो आणि पुढे विसरून मूळच्याच वळणावर जातो. माझ्या मते परीक्षेत मांडायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही: बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा मृत्यू, मार्क ६:१४-२९ आणि मत्तय १४:१-१२. मार्क गालीलच्या सत्ताधारी हेरोद अंतिपाला 'राजा' म्हणतो, आणि ते चुकीचं आहे कारण त्याला ती पदवी कधी मिळालीच नव्हती. मत्तयला हे माहीत आहे, तो पहिल्याच वचनात 'मांडलिक' लिहितो, पण नवव्या वचनात येतो आणि परत 'राजा'! त्याच वचनात अजून मजा आहे. मार्कमध्ये योहानाला मारायचं असतं हेरोदच्या बायकोला, हेरोदियाला, हेरोद त्याला जपत असतो, म्हणून शिर मागितल्यावर त्याला वाईट वाटतं हे पटतं. मत्तयने मात्र पाचव्या वचनात हेरोदलाच मारायची इच्छा आहे असं केलंय, तरी पुढे राजाला वाईट वाटतंच. आता वाईट का वाटावं? मार्कची गोष्ट डोळ्यासमोर ठेवली की कोडं सुटतं, आणि उलट दिशेने मार्कने मत्तयवरून घेतलं म्हणायचं तर मार्कने दोन्ही विसंगती नीट केल्या पण बरोबर असलेली पदवी मात्र बिघडवली असं मानावं लागतं, जे अशक्य नाही पण अवघड आहे.

आता क्यू. मत्तय आणि लूकमध्ये मार्कमध्ये नसलेली साधारण २०० हून जास्त वचनं कॉमन आहेत, उदा. 'सापांच्या पिल्लांनो' वालं योहानाचं भाषण (मत्तय ३:७-१०, लूक ३:७-९), ग्रीकमध्ये जवळपास शब्दाला शब्द. त्यासाठी हरवलेला एक सोर्स मानला जातो, तोच क्यू. लोक लिहितात "क्यू या ग्रंथात असे म्हटले आहे", अरे पण त्याची एकही प्रत कधी सापडलेली नाही, ते गृहीतक आहे. ते बाद करणारेही आहेत, इंग्लिश अभ्यासक फॅररने १९५५ मध्ये मांडलं की लूकने मत्तय वाचलेला होता, क्यूची गरजच नाही. त्यांच्या बाजूने एक चांगला मुद्दा येतो. येशूला मारहाण करताना मार्क १४:६५ मध्ये लोक फक्त 'भविष्य सांग' म्हणतात, पण मत्तय २६:६८ आणि लूक २२:६४ दोघांतही 'तुला कोणी मारलं?' हे जास्तीचं आहे, तेही ग्रीकमध्ये त्याच शब्दांत. क्यूमध्ये दुःखसहनाची, म्हणजे येशूच्या अटकेपासून मृत्यूपर्यंतची कथा नव्हती असं बहुतेक क्यूवालेच मानतात, मग हे आलं कुठून? क्यूवाले म्हणतात की नक्कल करणाऱ्यांनी नंतर मत्तयमध्ये लूकवरून घातलं असेल, पण हस्तलिखितांचा तसा ठोस पुरावा हातात नाही. म्हणून उत्तरात मार्क पहिला हे जोर देऊन लिहा, क्यूला मात्र 'बहुमताचं गृहीतक' एवढंच म्हणा आणि हे वचन समोर ठेवा.