मुलगा म्हणतो "पोट दुखतंय": वृषणाला पीळ पडला असेल तर काय करायचं

पहाटे चार वाजता चौदा वर्षांचा मुलगा कळवळून उठतो. पोट धरून वाकतो, एक उलटी होते. घरचे ॲसिडिटीची गोळी देतात आणि झोपायला सांगतात. सात वाजता तो पाय फाकवून चालताना दिसतो, तेव्हा कुठे वडिलांच्या कानाशी पुटपुटतो की दुखतंय ते खाली, एका बाजूला. तीन तास इथेच गेले.

त्याने खोटं सांगितलं असं नाही. वृषण गर्भावस्थेत पोटात तयार होतं आणि मग खाली उतरतं, म्हणून त्याची कळ ओटीपोटातही जाणवते. उरलेलं काम लाजेनं केलं. म्हणून पहिली पायरी विचारण्याची. वयात येणाऱ्या मुलाचं पोट अचानक दुखू लागलं, त्यातून उलटी झाली, तर आडवळणानं नको, सरळ विचारा: "खाली गोट्यांत दुखतंय का? कधीपासून?" कळ सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक डॉक्टर तेच विचारणार आहे.

मग मुलाला विचारून एकदा नजर टाका. दुखरी बाजू वर ओढल्यासारखी किंवा आडवी दिसते, सुजलेली, कडक असते, हात लावू देत नाही. पण सुरुवातीला सूज नसूही शकते. नीट दिसतंय म्हणून घरी थांबू नका, अचानक उठलेली जोराची कळ एवढं कारण पुरेसं आहे.

आत काय होतं? वृषण एका दोरीसारख्या नळीला लटकलेलं असतं आणि रक्तवाहिन्या त्या दोरीतूनच जातात. काही मुलांत वृषण पिशवीच्या आतल्या बाजूला नीट चिकटलेलं नसतं, घंटेच्या लोलकासारखं मोकळं हलतं. ते गरगर फिरलं की दोरीला पीळ बसतो. आधी परत जाणारं रक्त अडतं, वृषण फुगतं, मग येणारं रक्तही थांबतं. खेळताना मार लागल्यावर हे होऊ शकतं, तसंच गाढ झोपेतही होतं. सहा तासांच्या आत पीळ सुटला तर बहुतेक वेळा वृषण वाचतं. बारा तासांनी जेमतेम निम्म्या वेळा, आणि चोवीस तासांनंतर क्वचितच. हे तास पहिल्या कळेपासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नाही.

म्हणून जवळचा दवाखाना नव्हे, तर शस्त्रक्रिया आणि भूल देण्याची सोय असलेलं रुग्णालय गाठा. निघताना फोन करून सर्जन किंवा युरोलॉजिस्ट उपलब्ध आहेत का ते विचारा. तिथे पोचल्यावर "पोटदुखी" म्हणून रांगेत बसू नका. "अमुक वाजल्यापासून एका वृषणात अचानक दुखतंय, टॉर्शन आहे का बघा," असंच म्हणा. टॉर्शन म्हणजे हाच पीळ. वाटेत मुलाला खायला-प्यायला काही देऊ नका, पाण्याचा घोटही नको, कारण भूल द्यावी लागू शकते. घरी चोळणं, शेकणं, पीळ उलटा फिरवून पाहणं, यातलं काहीही करू नका.

रुग्णालयात डॉक्टर मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच बोट फिरवतात. एरवी त्याच बाजूचं वृषण वर उचललं जातं, पीळ असेल तर बहुधा हलत नाही. रक्तप्रवाह पाहण्यासाठी डॉपलर सोनोग्राफी करतात, पण लक्षणं स्पष्ट असतील तर तिच्यासाठी शस्त्रक्रिया खोळंबू नये. "इन्फेक्शन असेल, अँटिबायोटिक घ्या" असं सांगून घरी पाठवलं, तर "टॉर्शन नाही हे कशावरून ठरवलं?" असं विचारायला संकोचू नका. संसर्गाचं दुखणं सहसा हळूहळू वाढतं, हे एका झटक्यात उठतं.

आपला हा मुलगा साडेसातला रुग्णालयात पोचला आणि साडेआठला टेबलावर होता, म्हणजे साडेचार तास. पिशवी उघडल्यावर वृषण काळं-निळं दिसतं. सर्जन पीळ उलगडतात, कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात ते गुंडाळून ठेवतात आणि वाट पाहतात. काही मिनिटांत रंग गुलाबीकडे वळू लागला की ते टाके घालून जागच्या जागी बसवतात. दुसऱ्या बाजूचंही लगेच बांधून घेतात, कारण तो मोकळेपणा बहुधा दोन्हीकडे असतो. रंग परतला नाही तर मेलेलं वृषण काढावं लागतं. याची संमती आधीच मागतात, सही करताना दचकू नका. उरलेलं एक निरोगी असेल तर पुढे मूल होण्यात सहसा अडचण येत नाही.

अशी कळ उठून अर्ध्या तासात आपोआप गेली तर घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण तो पीळ बसून सुटलेला असू शकतो, आणि तो पुन्हा बसू शकतो. त्याच दिवशी सर्जनला दाखवा. आणि तासन्‌तास ठणकल्यावर दुखणं अचानक थांबलं, तर पीळ सुटला असं धरून चालू नका. वृषण मरतानाही वेदना ओसरते.