नफा तिप्पट झाला म्हणे! तिमाही निकाल वाचताना या चुका टाळा

फेब्रुवारीतली गोष्ट. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, 'नफा तिप्पट!' कंपनी मधल्या आकाराची, कारखाना तुर्भ्याच्या एमआयडीसीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे तिचे शेअर आहेत, त्यामुळे संध्याकाळी ते प्रिंटआउट घेऊन दारात हजर.

"अरे, ग्रुपवर विक्री 240 कोटी म्हणतायत, माझ्या ॲपमध्ये 180 कोटी दिसतेय आणि या कागदावर 24,000 लिहिलंय. यातलं खरं काय?"

तिन्ही खरे होते. इथे मी आकडे थोडे गोल केलेत, पण गोंधळ अगदी असाच होता.

आधी कागद कुठला, ते पाहू. ॲपमधला आकडा कोणीतरी उचलून टाकलेला असतो; मूळ कागद शेअर बाजाराच्या साइटवर मिळतो. एनएसईच्या किंवा बीएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून तिच्या पानावर Financial Results शोधायचं, किंवा संचालक मंडळाच्या बैठकीनंतर पाठवलेली पीडीएफ उघडायची. सेबीच्या नियमाने तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत निकाल द्यावा लागतो, म्हणजे डिसेंबर तिमाहीचा 14 फेब्रुवारीपर्यंत. मार्चच्या निकालाला वर्षाचं ऑडिट जोडलेलं असतं, म्हणून त्याला 60 दिवस. पीडीएफमध्ये सुरुवातीला पत्र असतं, मग ऑडिटरचा अहवाल, आणि त्यानंतर तो आडवा तक्ता. पुष्कळ जण पत्र आणि प्रेस रिलीज वाचूनच थांबतात. प्रेस रिलीज कंपनी आपल्या सोयीने लिहिते, तक्त्याचा साचा मात्र ठरलेला असतो.

काकांची पहिली चूक एककाची. तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ₹ in lakhs लिहिलं होतं. 24,000 लाख म्हणजे 240 कोटी. टीसीएस निकाल कोटींत देते, विप्रो दशलक्षांत म्हणजे मिलियनमध्ये. एक मिलियन म्हणजे दहा लाख, दहा मिलियनचा एक कोटी. तो कोपरा न बघता दोन कंपन्या शेजारी ठेवल्या की एक हत्ती आणि एक मुंगी दिसते.

दुसरी चूक 180 कोटींची. एकाच पीडीएफमध्ये दोन तक्ते होते. Standalone म्हणजे एकटी मूळ कंपनी. Consolidated म्हणजे मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्या मिळून, आपसातली खरेदी-विक्री वजा करून. ॲपने पहिला तक्ता दाखवला होता, ग्रुपने दुसरा. उपकंपन्या असतील तर बघायचा तो Consolidated, कारण शेअर घेताना आपण सगळ्या कुटुंबात भागीदार होतो. पण एकदा जो तक्ता धरला, तोच मागच्या तिमाहीसाठीही धरायचा. या वर्षीचा एकत्र आणि गेल्या वर्षीचा एकटा अशी तुलना केली की वाढ आपोआप 'दिसते'.

आता रकाने. डिसेंबरच्या तक्त्यात डावीकडून ही तिमाही, मग सप्टेंबर तिमाही, मग गेल्या वर्षीची डिसेंबर तिमाही, त्यापुढे नऊ महिन्यांचे दोन रकाने आणि शेवटी गेलं पूर्ण वर्ष. काकांनी पहिल्या रकान्याची तुलना सप्टेंबरशी केली होती. पंखे, एसी, फटाके, छत्र्या यांच्या धंद्यात असं केलं तर निव्वळ हंगाम दिसतो, म्हणून आधी गेल्या वर्षीची तीच तिमाही बघायची. आमच्या कंपनीची विक्री तेव्हा 225 कोटी होती, आता 240. म्हणजे पावणेसात टक्क्यांच्या आसपास वाढ. ठीक आहे, पण तिप्पट काही नाही.

मग तिप्पट आलं कुठून? इथेच खरी मेख आहे, म्हणून तक्ता ओळीओळीने उतरू.

Revenue from operations म्हणजे धंद्यातून आलेली विक्री, जीएसटी वगळून. ती 240 कोटी. खाली Other income 6 कोटी: ठेवींचं व्याज, म्युच्युअल फंडांतला नफा वगैरे. एकूण 246. खर्च 225 कोटी. उरले 21 कोटी. गेल्या वर्षी याच ओळीत 25.20 कोटी होते, त्यात इतर उत्पन्न 4.50. दोन्हीकडून ते काढलं तर धंद्याचा नफा यंदा 15 कोटी आणि गेल्या वर्षी 20.70. विक्री वाढली आणि धंद्यातली कमाई घटली!

त्याच्याच खालची ओळ Exceptional items. तिथे 54 कोटी. तळटीप बघितली तर ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा जुना भूखंड विकल्याचा नफा. 21 अधिक 54 म्हणजे करापूर्वी 75 कोटी, त्यातून 13 कोटी कर गेला, करानंतर 62. गेल्या वर्षी हाच आकडा 18.90 कोटी. झाला तिप्पट! खोटं कोणीच बोललं नव्हतं, पण तो भूखंड पुढच्या तिमाहीत पुन्हा विकता येणार नाही.

घरगुती हिशोब असा: 21 कोटींवर साधारण 25 टक्के कर धरा, उरतात पावणेसोळा कोटी. 18.90 शी तुलना करायची ती या आकड्याची, म्हणजे सतरा टक्क्यांच्या आसपास घट. काकांचा चेहरा इथे उतरला. उलटंही होतं बरं का. एखाद्या तिमाहीत कारखाना बंद केल्याचा किंवा जुन्या दाव्याचा मोठा खर्च याच ओळीत येतो आणि बऱ्या चाललेल्या कंपनीचा तोटा दिसतो. म्हणून ही ओळ रिकामी नसेल, तर तिची तळटीप वाचल्याशिवाय नफ्याच्या ओळीवर उतरायचंच नाही.

त्याखाली Other comprehensive income येतं आणि त्याची बेरीज करून Total comprehensive income. हा नफ्याचा 'शेवटचा' आकडा समजून काही जण तोच उचलतात. त्यात कंपनीने धरलेल्या काही शेअरच्या भावातले चढउतार, ग्रॅच्युइटीच्या हिशोबातले फरक अशा गोष्टी असतात. नफा म्हणून घ्यायचा तो त्याच्या वरचा, करानंतरचा.

त्या 62 कोटींतले दीड कोटी उपकंपनीतल्या बाहेरच्या भागीदारांचे होते, आपल्या वाट्याचे 60.50 कोटी. आपण बरोबर ओळ धरली का, हे तपासायची एक युक्ती आहे. तक्त्याच्या तळाशी भरणा भांडवल असतं, इथे 25 कोटी, दर्शनी मूल्य 10 रुपये. म्हणजे शेअर अडीच कोटी. 60.50 ला 2.5 ने भागलं की 24.20 रुपये, आणि तक्त्यात प्रतिशेअर नफा नेमका तोच होता. वर्षात शेअर वाढले असतील तर किंचित फरक पडेल, कारण तिथे सरासरी धरतात. पण 24.80 आलं असतं, तर आपण 62 ची ओळ धरलीय हे लगेच कळलं असतं. शेअरचा भाव प्रतिशेअर नफ्याच्या किती पट आहे, ते सांगणारा ॲपचा पीई हाच आकडा धरून काढला असेल, तर शेअरही भूखंडासकट स्वस्त दिसणार.

बँकांना मात्र हा साचा लावू नका. त्यांच्याकडे विक्रीची ओळच नसते. व्याजाचं उत्पन्न, दिलेलं व्याज आणि बुडीत कर्जांची तरतूद असा तिथला क्रम वेगळा.

काकांनी प्रिंटआउटवर 54 भोवती पेनाने गोल केला आणि विचारलं, "मग ग्रुपवर टाकू का हे?" मी म्हटलं, टाका, पण तळटिपेचा फोटोही टाका.