डिशवॉशरच्या तळाशी घाण पाणी साचलंय? आधी बादली आणा

सांगलीत विश्रामबागेत आमच्या वहिनींच्या डिशवॉशरचं दार उघडलं की आंबलेल्या आमटीसारखा वास यायचा. तळाशी चार बोटं पिवळट पाणी. आदल्या रात्री अख्खा मसूर झाला होता, त्यामुळे सगळ्यांनी फिल्टरवर बोट ठेवलं. फिल्टर धुतला, पाणी तसंच.

फिल्टरखालच्या खळग्यात थोडं स्वच्छ पाणी नेहमीच राहतं, तो बिघाड नाही. पाणी गढूळ असेल आणि फिल्टरच्या वर आलं असेल, तरच पुढचं करा.

आधी प्लग काढा आणि नळ बंद करा. खालची जाळी बाहेर घ्या, वाटीने पाणी उपसा, उरलेलं स्पंजने टिपा. फिल्टर डावीकडे फिरवून उचला आणि साबण लावून जुन्या टूथब्रशने घासा. खळग्यात हात घालताना रबरी हातमोजे हवेतच. फुटलेल्या ग्लासाची काच तिथेच जाऊन बसते.

आता तुंबलंय कुठे ते शोधायचं. सिंकखाली बादली ठेवा, सांडपाण्याचा पाइप सिंकच्या जोडणीतून सोडवून बादलीत धरा. फिल्टर बसवा, तळाशी दोनेक लिटर पाणी ओता, प्लग लावा आणि चालू प्रोग्रॅम रद्द करा. बहुतेक मशीन त्या वेळी पाणी बाहेर टाकतात. (बटणं कुठली, ते पुस्तिकेत बघा.)

बादलीत जोरात पाणी आलं, तर मशीन निर्दोष. नुसती घरघर झाली आणि पाणी आलं नाही, तर बहुधा पंपात काहीतरी अडकलंय. पंप नीट चालतो पण धार बारीक, तर पाइप दुमडलाय किंवा आत तेलकट थर साचलाय. आवाजच नसेल, तर मेकॅनिकला बोलवा.

पंपासाठी पुन्हा प्लग काढा. बऱ्याच मशीनमध्ये खळग्याच्या बाजूला छोटं प्लास्टिकचं झाकण असतं, ते काढलं की पंपाचं पातं दिसतं. ते बोटाने फिरवा. अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरलं तर घाबरू नका. आतल्या चुंबकामुळे ते तसंच फिरतं. अजिबात हललं नाही, तर चिमट्याने कचरा काढा. झाकण नीट बसल्याशिवाय मशीन लावू नका.

वहिनींच्या बादलीत मात्र धो धो पाणी आलं. दोष सिंकच्या जोडणीत निघाला: तेलाचा चिकट थर आणि त्यात रुतलेली मोहरी. जोडणी गरम पाण्याने धुतली आणि पाइप परत लावताना मधला भाग ओट्याच्या खालच्या बाजूला उंच बांधून ठेवला, म्हणजे सिंकचं खरकटं पाणी उलटं मशीनमध्ये येत नाही. मोरी मोकळी करायची पावडर डिशवॉशरमध्ये टाकायच्या मोहात पडू नका. रबर आणि पंप दोन्ही खराब होतात.

वास तरीही थोडा राहिलाच. दाराच्या खालच्या कडेला, रबराच्या आत, काळी बुरशी होती. ती कापडाने पुसली, वरच्या जाळीत वाटीभर पांढरं व्हिनेगर ठेवलं आणि रिकामं मशीन सर्वांत गरम प्रोग्रॅमवर एकदा चालवलं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर नाकाला काही लागलं नाही.