टीनएजर्सचं फिल्म वर्कशॉप घेताय? प्लॅन शेवटच्या दिवसापासून उलटा लिहा

समजा पाच दिवस हातात आहेत. पाचव्या दिवशी स्क्रीनिंग, म्हणजे चौथा अख्खा दिवस एडिट आणि रीशूटला, तिसरा शूटला, आणि गोष्टीसाठी पहिले दोन. बरेच जण निम्मा वेळ लेक्चर आणि कॅमेऱ्याच्या माहितीत घालवतात आणि मग एडिट कुणीतरी मोठा माणूस रात्री एकटा बसून उरकतो. फिल्म होते हो, पण ती मुलांची राहत नाही, मला हे अजिबात पटत नाही.

पहिल्या दिवशी डायलॉग बंद. पाच-पाच जणांचे ग्रुप करायचे आणि फक्त पाच फोटोंत गोष्ट सांगायला लावायची, दुसऱ्या ग्रुपला ती न विचारता कळली पाहिजे. कोणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय हे त्यातच शिकून होतं.

दुसऱ्या दिवशी खरी गोष्ट, लांबी तीन मिनिटं, जागा एक, पात्रं दोन. मुलं सुरुवातीला हमखास आख्खं आयुष्य आणतात. एका ग्रुपची गोष्ट होती की मुलगी नापास होते, घर सोडते, दहा वर्षांनी मोठी होऊन परत येते. मी एवढंच विचारलं की यातला सगळ्यात अवघड क्षण कुठला? तर म्हणाले, बाबांना सांगायचं तो. मग तेवढंच ठेवलं: रिझल्टचा मेसेज आलाय, बाबा कॉल करायला तिचाच फोन मागतायत, आणि तिला तो द्यायचा नाहीये. एक खोली, पंधराएक शॉट, बस्स.

शूटला फोन आडवा, एअरप्लेन मोडवर, फोकस आणि एक्स्पोजर लॉक. आवाजासाठी दुसरा फोन पात्राच्या जवळ फ्रेमबाहेर ठेवून रेकॉर्डिंग, आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी म्हणजे एडिटला आवाज जुळवता येतो. खोलीतली नुसती शांतता अर्धा मिनिट वेगळी रेकॉर्ड करा, कटच्या जागी आवाज तुटतो तिथे ती भरायला लागते. सगळं फुटेज त्याच संध्याकाळी लॅपटॉपवर, दोन ठिकाणी.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत रफ कट झालाच पाहिजे, कारण तो गोष्ट माहीत नसलेल्या दुसऱ्या ग्रुपला दाखवायचाय. दाखवताना ग्रुपने काही समजावून सांगायचं नाही, नंतर बघणाऱ्यांनी काय घडलं ते सांगायचं. वरच्या फिल्ममध्ये सगळ्यांना वाटलं ती कुठल्यातरी मित्राचे मेसेज लपवतेय! मेसेज वाचताना तिचा चेहरा होता पण स्क्रीनचा क्लोजअपच नव्हता. तो आणि बाबांचा हात पुढे येतो तो शॉट, एवढे दोनच संध्याकाळी परत घेतले, लाईट जुळावा म्हणून खिडकी झाकून. त्यामुळे तेच कपडे आणि तीच खोली चौथ्या दिवशीही लागणार हे मुलांना आधीच सांगून ठेवा.