आधी नक्कल, मग भाषांतर : रेसिडेन्सीच्या काळातील इंग्रजी कागद वाचताना

नागपुरात जुन्या इंग्रजी कागदांच्या भाषांतराचे काम शिकायला येणारे बहुतेक जण इतिहासाचे किंवा इंग्रजीचे पदवीधर असतात आणि खरी अडचण जुन्या इंग्रजीची असेल, असे त्यांना वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सरकारी पत्रांची भाषा मात्र ठरावीक साच्याची असते आणि थोड्या दिवसांत अंगवळणी पडते. जास्त वेळ जातो तो हस्ताक्षर, संक्षेप आणि आपल्याच गावांची ओळखू न येणारी स्पेलिंग उलगडण्यात. म्हणून मी नवख्या माणसाला पहिली सवय लावतो ती ही, की वाचता वाचता भाषांतर करायचे नाही. आधी मूळ मजकुराची इंग्रजीतच अक्षरशः नक्कल करायची, ओळ जिथे तुटते तिथेच तोडायची, स्पेलिंग सुधारायचे नाही, आणि जे लागत नाही तिथे चौकोनी कंसात तसे लिहायचे. मराठीला हात लावायचा तो ही नक्कल पुरी झाल्यावर. नाहीतर जो शब्द वाचताच आला नाही त्याच्या जागी मनाने अर्थाला जुळणारा शब्द घातलेला असतो, आणि मराठी वाक्य सफाईदार झाल्यामुळे तो पुढे कोणाच्याच लक्षात येत नाही.

वाचनाची सुरुवात पत्राच्या शेवटापासून करावी. ‘आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक’ या अर्थाचे समारोपाचे शब्द आणि आरंभीचे ‘कळविण्याचा सन्मान मला लाभला आहे’ हे वाक्य अशा पत्रांत सहसा ठरलेले असते. काय लिहिले आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे त्या लेखनिकाचा ‘एस’, ‘एफ’, ‘एच’ आणि ‘के’ कसा आहे हे तिथे पाहून घेता येते, आणि त्याची वर्णमाला एका वेगळ्या कागदावर उतरवून ठेवता येते. दुसऱ्या लेखनिकाचा कागद आला की नवी वर्णमाला करायची. रेसिडेन्सीच्या, म्हणजे नागपूर दरबारी असलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या कचेरीच्या, नोंदवह्यांतील पत्रे पुष्कळदा मूळ पत्रे नसून कारकुनाने केलेल्या नकला असतात, आणि एकाच वहीत हात बदललेला आढळतो.

सर्वांत जास्त फसवतो तो लांब ‘एस’, म्हणजे ‘एफ’सारखा दिसणारा जुना उभा ‘एस’. छापील पुस्तकांतून तो १८०० च्या सुमारास गेला, पण हाताने लिहिताना जोड ‘एस’मधला पहिला ‘एस’ लांब काढण्याची रीत त्यानंतरही कित्येक दशके टिकली. त्यामुळे ‘पझेशन’ या शब्दात, जिथे जोड ‘एस’ दोनदा येतो, नवख्याला दोन्ही ठिकाणी ‘एफ’ किंवा ‘पी’ दिसतो. शंका आली की त्याच पानावरचा ‘ऑफ’ किंवा ‘फॉर’ शोधावा आणि त्यातल्या ‘एफ’शी ते अक्षर ताडून पाहावे, हे दोन शब्द प्रत्येक पानावर सापडतात.

आता एक उदाहरण घेऊ. हे मी सरावासाठी रचले आहे, पण यातील प्रत्येक खोच खऱ्या कागदांत नेहमी भेटते. सीताबर्डीच्या लढाईनंतर, ९ जानेवारी १८१८ रोजी, छावणीतून रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांना पत्र गेले आहे असे समजा. पहिले वाक्य असे, की आपले ‘२८ अल्टो’चे पत्र, जे डाकेने ‘४ इन्स्ट’ रोजी मिळाले, त्याची पोच देत आहे. यातील ‘जे’साठीचा ‘विच’ हा शब्द केवळ ‘डब्ल्यू’ आणि त्याच्या डोक्यावर चढवलेले ‘सी’ व ‘एच’ इतकाच लिहिलेला असतो. ‘अल्टो’ म्हणजे अल्टिमो, गेला महिना. ‘इन्स्ट’ म्हणजे इन्स्टंट, चालू महिना. हे महिने पत्राच्या स्वतःच्या तारखेवरून मोजायचे असतात. म्हणजे रेसिडेंटचे पत्र २८ डिसेंबर १८१७ चे होते आणि ते ४ जानेवारी १८१८ रोजी पोहोचले. वर्ष बदलले आहे हे ध्यानात आले नाही, तर सगळा पत्रव्यवहार एका वर्षाने पुढे सरकतो. मराठीत ‘गेल्या महिन्याच्या २८ तारखेचे’ असे मोघम न लिहिता पूर्ण तारीख द्यावी, आणि ती आपण काढलेली असल्यामुळे चौकोनी कंसात द्यावी.

त्याच पत्रात पुढे एका नदीचे नाव आहे. नवखा माणूस ‘वन्र्डा’ असे काहीतरी वाचतो आणि नकाशात शोधत बसतो. त्या काळच्या वळणात ‘यू’ आणि ‘एन’ दोन्ही दोन उभ्या फटकाऱ्यांचे असतात, म्हणून ‘एन’च्या जागी ‘यू’ घालून पाहावे. शिवाय त्या काळचे इंग्रज आपला ऱ्हस्व ‘अ’ बहुधा ‘यू’ने दाखवीत, ‘ई’ दोन ‘ई’ लावून आणि ‘ऊ’ दोन ‘ओ’ लावून. ही किल्ली लावली की तो शब्द ‘वर्दा’ म्हणजे आपली वर्धा नदी ठरतो. भंडाऱ्यातला ‘भं’ आणि सीताबर्डीतला ‘ब’ हेही याच किल्लीने उघडतात. नाव मोठ्याने उच्चारून पाहण्याचा फार उपयोग होतो, कारण लिहिणाऱ्याने ते कानाने ऐकून लिहिलेले असते. तेवढ्यावर मात्र थांबू नये. पत्रात आधीचा आणि नंतरचा मुक्काम दिलेला असेल, तर नकाशावर आपले गाव त्या दोहोंच्या मध्ये बसते का, हे पाहावे. सारख्या नावाची गावे विदर्भात इतकी आहेत की उच्चार जुळला म्हणजे गाव सापडले असे म्हणता येत नाही.

नाव नीट वाचता आले तरी अर्थ चुकू शकतो. कंपनीच्या कागदांत नागपूरच्या भोसल्यांना ‘बेरारचा राजा’ म्हटलेले असते. १७ डिसेंबर १८०३ रोजी दुसऱ्या रघूजींनी कंपनीशी देवगावचा तह केला. त्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड त्यांच्या हातून गेले, तरी इंग्रजांच्या लिहिण्यात ही पदवी राहिली. आजच्या वाचकाला ‘वऱ्हाडचा राजा’ असे दिले तर त्याच्या डोळ्यांपुढे अमरावती-अकोला येईल. म्हणून मजकुरात ‘बेरारचा राजा’ ठेवून पहिल्याच ठिकाणी कंसात ‘नागपूरकर भोसले’ असे लिहावे. पोटेल, मालगूझर, परगन्ना यांसारखे महसुली शब्द मात्र सरळ पाटील, मालगुजार, परगणा असे त्यांच्या मूळ रूपात आणावेत; अडलेच तर एच. एच. विल्सन यांचा १८५५ चा महसुली व न्यायालयीन शब्दांचा कोश उघडावा.

आकड्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे कागद स्वतःच आपली परीक्षा घेतो. रुपये, आणे आणि पै तीन स्तंभांत असतात. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. समजा खर्चाच्या यादीत ३७ रुपये १२ आणे ६ पै आणि त्याखाली १३ रुपये ९ आणे ३ पै असे आपण वाचले, पण बेरीज ५६ रुपये ५ आणे ९ पै दिली आहे. पै ९ बरोबर येतात. आणे २१ होतात, म्हणजे ५ राहून १ रुपया हातचा, तेही बरोबर. रुपयांची बेरीज मात्र ५१ येते. पाचाचा फरक आहे, तेव्हा १३ वाचलेला आकडा बहुधा १८ आहे. मूळ कागदावर परत जाऊन पाहिले की आठाचा वरचा फासा उघडा राहिल्यामुळे तो तिनासारखा दिसत होता, हे कळते. क्वचित बेरीज लेखनिकाचीच चुकलेली असते. अशा वेळी दोन्ही आकडे जसेच्या तसे ठेवून तळटीप द्यावी. रुपया कोणता, हेही गाळू नये. नागपुरी रुपया आणि कंपनीचा रुपया यांचे मोल सारखे नव्हते, आणि आज त्यांना एका ओळीत नुसते ‘रुपये’ म्हटले तर हिशेबाचा अर्थच जातो.

काम मागणारे बहुधा संशोधक असतात किंवा मालगुजारीच्या जुन्या कागदांचा उलगडा हवा असलेली कुटुंबे. दर सांगण्याआधी मधले एखादे पान मागून पाहावे, कारण पहिले पान नेहमी सर्वांत सुवाच्य असते. नक्कल आणि भाषांतर यांचे मोल वेगवेगळे धरावे, आणि देताना दोन्ही समोरासमोर द्यावीत, ओळींचे क्रमांक जुळवून, म्हणजे ज्याला शंका येईल त्याला मूळ कागदावर ती ओळ लगेच काढता येते.