मुलाखतीत टायपिंग चालू असतानाच फोन वाजला तर

जिनिंग, कॉलेज किंवा दवाखान्याच्या ऑफिसात फ्रंट डेस्कची मुलाखत असली की हा प्रसंग हमखास विचारतात: साहेबांचं पत्र टाइप करताय, फोन वाजतोय आणि समोर काटा पावती घेऊन शेतकरी उभा आहे. काय कराल? "सगळं सांभाळीन" म्हणू नका. क्रम सांगा, आणि तोंडचे शब्दसुद्धा.

१. आधी `Ctrl + S`. पत्र जाग्यावर राहतं.

२. फोन उचलण्याआधी समोरच्याकडे बघून, "काका, बसा जी, एवढा फोन घेते." नजरेला नजर मिळाली की माणूस थांबतो.

३. तिसऱ्या रिंगच्या आत फोन घ्या. नमस्कार, ऑफिसचं नाव, आपलं नाव. काम लांबचं असेल तर नाव, गाव, नंबर आणि काम कागदावर लिहा. नंबर परत वाचून दाखवा. दहा आकडे भरले नाहीत तर तिथंच कळतं. परत फोन कधी कराल तेही सांगा.

४. मग काकांची पावती, शेवटी पत्र.

पत्र चारच्या गाडीनं जायचं असेल तर क्रम बदलतो. म्हणून उत्तराआधी "पत्र किती वाजता हवं?" हे विचाराच. बहुतेक उमेदवार इथंच गडबडतात.

एक सांभाळा: फोनवर कोणी साहेबांचा मोबाइल नंबर मागितला, तर "निरोप देते" एवढंच म्हणा.