हिमॅटोक्रिट 50 दिसला की लगेच ईपीओ म्हणू नका

डीएमएलटी करून नव्याने लॅबमध्ये लागलेल्यांनो, माझी एक फजिती ऐका. ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझं पहिलंच वर्ष होतं. मे महिन्यात उटीला तीन आठवडे सराव करून आलेल्या एका धावपटूची सीबीसी आली. हिमॅटोक्रिट 50. मी शहाणपणा केला, "मॅडम, हा नक्की लाल पेशी वाढवणारं ईपीओ घेतोय."

मॅडमनी मान वर न करता विचारलं, "हिमोग्लोबिन किती? तीनने गुण."

15.6 होतं, म्हणजे हिमॅटोक्रिट 47 च्या आसपास हवा. चौकशी केली तेव्हा कळलं, ट्यूब आदल्या दुपारी घेतलेली आणि बर्फाशिवाय रात्रभर बॅगेत पडलेली. उकाड्यात पेशी पाणी ओढून फुगतात. हिमोग्लोबिन तेवढंच राहतं, हिमॅटोक्रिट मात्र वाढलेला दिसतो. ताजं रक्त मागवलं, तर 47.

सायकलिंगमध्ये 1997 पासून पुरुषांसाठी हिमॅटोक्रिटला 50 ची मर्यादा होती. 1999 च्या जिरो या इटलीतल्या सायकल शर्यतीत मार्को पांतानी या सायकलपटूला 52 वर बाहेर काढलं. पण घाम गेला, उंचावर प्लाझ्मा कमी झाला, तरी हा आकडा चढतो. आता खेळाडूच्या रक्ताचे आकडे वेळोवेळी नोंदवणारा जैविक पासपोर्ट असतो आणि त्यात मुख्य भर हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइटवर असतो.

रेटिक म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर आलेल्या कोवळ्या पेशी, एरवी साधारण 0.5 ते 2 टक्के. ईपीओ चालू असताना त्या वाढतात. औषध थांबवलं की गंमत होते: हिमोग्लोबिन अजून चढलेलंच, पण भरपूर रक्त पाहून शरीर स्वतःचं ईपीओ आवरतं आणि रेटिक कोसळतात. स्वतःचं रक्त काढून ठेवणाऱ्याचे रेटिक आधी वाढतात, ते परत चढवलं की घसरतात. उंचीवरून उतरणाऱ्याचेही रेटिक थोडे खाली येतात. फरक आहे तो प्रमाणाचा.

तो मोजायला ऑफ-स्कोअर आहे:

```
OFF = Hb(g/L) − 60 × √ret%
```

Hb 150 आणि रेटिक 1 टक्का असेल तर 90. आमच्या धावपटूचं Hb 156, रेटिक 0.64, म्हणून 156 − 48 = 108. उटीवरून आलेल्याला हे शोभतं. पण ईपीओ नुकतंच थांबवलेल्याचं Hb 168 आणि रेटिक 0.25 धरलं, तर 138! रेटिक इतके कमी असले की हाताने हजार पेशी मोजताना दोन-तीन पेशींची चूकही आकडा फिरवते, त्यामुळे मशीनचाच भरवसा धरा.

आणि एका रिपोर्टवरून कोणालाही चोर ठरवता येत नाही. पासपोर्टमध्ये खेळाडूची तुलना त्याच्याच आधीच्या नमुन्यांशी होते आणि शेवटी तज्ज्ञ निर्णय घेतात. आमच्याकडे त्याचा जुना एकही रिपोर्ट नव्हता. मॅडमनी फक्त आकडे छापले, आणि पहिल्या ट्यूबच्या नोंदीपुढे लाल पेनने लिहिलं: "नमुना शिळा."